खसखस खाली

माईआत्या ब्याऐंशी वर्षांची आहे आणि वाईला राहते. पहाटे पावणेपाचला उठते, सव्वापाचला चहा घेते आणि साडेपाचला आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. ग्रुपवर आम्ही सत्तेचाळीस जण. त्यातले दहा-बारा परदेशात असल्यामुळे तिचा सुप्रभात कुणाला ना कुणाला झोपायच्या वेळी गाठतो. पण प्रत्येक जण हात जोडलेलं चित्र पाठवतो. न पाठवणाऱ्याच्या तब्येतीची चौकशी करायला आत्याचा फोन येतो आणि तो फोन पाऊण तासाचा असतो. त्यापेक्षा हात जोडलेले बरे.

2023 च्या जुलैची गोष्ट. त्या वर्षी श्रावण अधिक होता आणि 18 जुलैला लागणार होता. आठ तारखेला, शनिवारी पहाटे आत्याचा संदेश आला : ‘अधिकमासाचे अनारसे, आपल्या घरची पद्धत.’ खाली अकरा कलमं. प्रत्येक कलमाच्या दोन्ही बाजूंना जास्वंदीचं फूल.

मी तो मन लावून वाचला. आईच्या मनगटाचं ऑपरेशन झालं त्या वर्षी आमच्या घरचा झारा माझ्या हातात आला आणि मनगट बरं झाल्यावरही तिने तो परत मागितला नाही. त्यामुळे अनारसे या विषयात मला गती आहे, असं मी मानतो. आत्या तसं मानत नाही. तिच्या लेखी मी अजून ‘अनारशाचं पीठ चोरून खाणारा’ याच हुद्द्यावर आहे. आरोप खरा आहे. अनारशापेक्षा अनारशाचं कच्चं पीठ जास्त चांगलं लागतं.

पहिली आठ कलमं चोख होती. जुना तांदूळ घ्यावा, नवा चिकट होतो. तीन दिवस भिजवावा, पाणी रोज बदलावं, नाहीतर वास मारतो. चौथ्या दिवशी निथळून कापडावर सावलीत पसरावा, पण खडखडीत वाळू देऊ नये, हाताला दमट लागायला हवा. दळून बारीक चाळणीने चाळावा. पिठात किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळे दाबून डब्यात भरावेत आणि पाच-सहा दिवस डबा उघडू नये. इथे आत्याने कंसात ‘काहींच्या घरात डबा आपोआप उघडतो’ असं लिहिलं होतं. पन्नास वर्षं झाली त्या गोष्टीला.

मग नववं कलम आलं. ‘पानावर खसखस पसरून त्यावर गोळी थापावी. खसखस खाली ठेवून अनारसा मंद आचेवर तुपात सोडावा. उलटू नये.’

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. खसखस खाली. आणि उलटू नये.

ज्याने अनारसे फक्त खाल्ले आहेत त्याला यात काही खटकणार नाही. आमच्या ग्रुपवर अशांचं निर्विवाद बहुमत आहे. पण जो कढईपाशी उभा राहिलाय त्याला या दोन वाक्यांतून करपल्याचा वास येईल. अनारसा तुपात जातो तो खसखस वर ठेवून. तो पुरीसारखा फुगत नाही आणि पुरीसारखा उलटताही येत नाही. तुपात शिरला की तो मऊ, लुसलुशीत होतो. झाऱ्याने उलथायला गेलात तर अर्धा झाऱ्यावर येतो आणि अर्धा कढईत राहतो. म्हणून तो एकाच बाजूने तळायचा आणि वरच्या बाजूवर झाऱ्याने गरम तूप उडवत राहायचं. तुपाचे शिंतोडे पडले की वरच्या अंगाला बारीक बारीक भोकं पडत जातात आणि त्या जाळीत खसखस अडकून बसते. अनारशाची सगळी शान त्या वरच्या अंगाला असते.

आता खसखस खाली घाला. दाणा मोहरीहूनही लहान आणि अंगचाच तेलकट. कढईच्या तळाशी तो मिनिटभरात काळा पडतो. जे दाणे सुटतात ते तुपात तरंगतात आणि पुढच्या प्रत्येक अनारशाला येऊन चिकटतात. तिसऱ्या-चौथ्या घाण्यापर्यंत तूप असं दिसतं की त्यात कुणी काजळ खरवडलंय. वर ‘उलटू नये’ म्हटल्यामुळे वरची बाजू फिकट आणि बोडकी. ताटात ठेवला तर काळी बाजू झाकावी की बोडकी, हा प्रश्न.

इकडे ग्रुपवर तेवीस अंगठे पडले होते. नाशिकच्या चुलतभावाने ‘माई, डोळ्यांत पाणी आलं’ असं लिहिलं होतं. कृती वाचून डोळ्यांत पाणी येण्यासारखं काहीच नव्हतं. ते बारा दिवसांनी तुपाकडे बघून येणार होतं. आणि ठाण्याच्या सुमेधावहिनीने लिहिलं होतं, ‘आत्या, अगदी वेळेवर पाठवलंत. आजच तांदूळ भिजत घालते. तंतोतंत तुमच्याप्रमाणे करणार.’

वहिनीच्या लेकीचं लग्न आदल्या डिसेंबरात झालेलं. म्हणजे हा जावयाचा पहिला अधिक महिना. जावई म्हणजे नारायण, त्याला अधिकात वाण द्यायचं, ते जाळीदार पदार्थाचं आणि मोजून 33. काही घरी बत्तासे देतात, काही घरी म्हैसूरपाक, पण अनारसे दिले की सासूची मान जरा वर राहते. तेहेतीसचा हिशेब आमचे अप्पा असा सांगत : चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर 365 चं, दर वर्षी अकरा दिवसांची तूट, तीन वर्षांत 33. म्हणजे पंचांगाची थकबाकी आपण जावयाला गोडात फेडतो. जावई ‘रविवार, 23 तारीख’ असं कळवून मोकळा झाला होता. त्याला बिचाऱ्याला चार पुरले असते.

तेव्हा चूक कुणीतरी दुरुस्त करणं भाग होतं. पण आमच्या घराण्यात आत्याची चूक दुरुस्त करण्याला एक इतिहास आहे. त्याच्या दोन वर्षं आधी तिने नागपंचमीला लिहिलं होतं, ‘आज चिरू नये, तळू नये, तवा ठेवू नये. नैवेद्याला पुरणाची धिरडी करावीत.’ आमच्या एका मेहुण्यांनी, जे इंजिनिअर आहेत आणि ज्यांना विसंगती सहन होत नाही, सर्वांसमक्ष विचारलं, ‘तवा ठेवायचा नाही तर धिरडी कशावर?’ प्रश्न बिनतोड होता. नागपंचमीला करतात ती दिंडं. पुरण भरून घडी घातलेली आणि वाफवलेली, तव्याचा संबंधच नाही. आत्याचं उत्तर आलं, ‘बरं.’

‘बरं’ आणि पुढे पूर्णविराम. आमच्याकडे हा पूर्णविराम तीन महिने टिकतो. त्या दिवाळीला मेहुण्यांच्या घरी वाईहून फराळाचा डबा गेला नाही. बहीण अजून म्हणते, ‘तुमच्या एका धिरड्याने माझ्या चिरोट्यांवर पाणी पडलं.’

म्हणून मी ग्रुपवर लिहिण्याचा विचार लिहिण्याआधीच खोडला. दुसरा मार्ग एकट्या वहिनीला कळवण्याचा. मी फोन केला. ‘वहिनी, खसखस वर ठेवा बरं का,’ म्हटलं. वहिनी म्हणाल्या, ‘अहो भावजी, पण आत्या खाली म्हणतात.’ मी म्हटलं, ‘आम्ही वरच ठेवतो.’ त्यावर क्षणभर शांतता. मग अतिशय मायेने त्या म्हणाल्या, ‘तुमच्याकडे चालत असेल हो. पण इथे जावयाचं आहे.’ कुमारी-सवाष्णींना जेवू घातलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या हातापुढे पन्नाशीतल्या पुरुषाचा झारा टिकत नाही, हे मला त्या वाक्याने कळलं.

दरम्यान आठवडा उलटला. ठाण्यात पाऊस कोसळत होता आणि वहिनींचे तांदूळ वाळायचं नाव घेईनात. दिवाळीच्या हवेत जे काम दोन-अडीच तासांत होतं, ते जुलैत पंख्याखाली निम्मा दिवस घेतं. वरून कोरडा वाटणारा दाणा दाबला की आत पाणी असतं. त्यात त्यांनी गूळ वाटीने मोजला. पीठ भुसभुशीत, गूळ वाटीत दाबून भरलेला, त्यामुळे वाटीला वाटी घेतली तरी वजनात गूळ पिठाच्या दीडपट होतो. आमच्या आईचं माप वजनाचं : पिठाच्या पाऊणपट गूळ, फार तर बरोबरीने. सोळा तारखेला वहिनींनी नमुन्याला एक अनारसा तुपात सोडला आणि मला व्हिडिओ पाठवला. तुपात गेल्या गेल्या अनारशाचे तुकडे झाले, तुकड्यांचा चुरा झाला आणि तपकिरी फेस कढईभर पसरला. तळाशी काळी खसखस.

यालाच अनारसा हसला म्हणतात. स्वयंपाकघरात ज्याच्या हसण्याने बाकी सगळ्यांचं रडू येतं असा हा एकच पदार्थ आहे.

हसण्याचं औषध मला ठाऊक होतं आणि तिथे आत्याशी मतभेद नव्हता. गूळ किंवा ओल जास्त झाली की तो हसतो. तूप पुरेसं तापलेलं नसलं तरी हसतो. म्हणून दळलेल्या पिठातलं मूठ-दोन मुठी बिनगुळाचं पीठ नेहमी बाजूला वाळवून ठेवायचं. हसायला लागला की त्यातलं थोडं थोडं मळत जायचं आणि दर वेळी एकच अनारसा तळून बघायचा. उलट तो दगडासारखा होत असेल, जाळी धरत नसेल, तर चमचाभर दूध नाहीतर पिकल्या केळ्याचा लहान तुकडा कुस्करून घालायचा. मात्र तेवढ्याच पिठात घालायचा जेवढं लगेच तळायचंय, कारण दूध-केळं लागलेलं पीठ टिकत नाही. वहिनींनी सुदैवाने पीठ बाजूला ठेवलं होतं. हसण्याचा बंदोबस्त फोनवर झाला. खसखशीचा होईना. ‘ती जळते ती आच मोठी असेल म्हणून,’ वहिनी म्हणाल्या. ‘आत्यांनी मंद लिहिलंय.’

मग मी वाईला फोन लावला.

मोठ्या माणसाची चूक सांगायची तर ती आपली म्हणून सांगावी, हे मला आईकडून मिळालेलं शहाणपण आहे. तिने अप्पांबरोबर चव्वेचाळीस वर्षं संसार केला तो या एका तंत्रावर. अप्पांनी स्वयंपाकघरात काही उलटसुलट केलं, की आई म्हणे, ‘मागे मी असंच केलं आणि बिघडलं हो माझं.’ तिचं कधीच बिघडलं नव्हतं.

‘आत्या,’ मी म्हटलं, ‘माझी खसखस जळते गं.’

‘जळेल नाही तर काय! तू आच मोठी ठेवत असशील.’

‘मंदच ठेवतो.’

‘मग कढई खोल असेल. पसरट घे. तूप बेताचं घे, अनारसा बुडेल इतकंच. एका वेळी एक.’

‘तसंच करतो. तरी तळाशी काळी होते.’

‘तळाशी?’ आत्याचा आवाज बदलला. ‘खसखस तळाशी कशी जाईल?’

‘खाली ठेवली म्हणून.’

पलीकडे जो उसासा निघाला तो वाईपासून पुण्यापर्यंत फोनशिवायही ऐकू आला असता. ‘अरे गाढवा, खसखस खाली ठेवलीस? तुझ्या आईने हे शिकवलं तुला? खसखस वर! वर तूप उडवायचं. जाळी कुठून पडणार तुझ्या अनारशाला? आणि काढल्यावर चाळणीत आडवे टाकत असशील, एकावर एक.’

‘नाही गं, उभे करतो.’

‘उभेच करायचे. तूप निथळतं. आणि कढईतून काढल्यावर मऊ लागले तर पुन्हा टाकायचे नाहीत आत. गार झाले की होतात कुरकुरीत. एवढंही माहीत नाही.’

मी सगळं ऐकून घेतलं. मग जमेल तितक्या भोळ्या आवाजात म्हटलं, ‘मी आपलं तुझं वाचून केलं गं. नववं कलम.’

शांतता. मग चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज, आणि मग आत्या फोन कानाचा डोळ्यांपुढे नेऊन स्वतःचं नववं कलम स्वतःला मोठ्याने वाचू लागली. ‘पानावर खसखस पसरून त्यावर गोळी थापावी. खसखस खाली ठेवून...’ इथे ती थांबली.

‘हे मी नाही लिहिलं,’ ती म्हणाली. ‘हे सोहमने लिहिलं.’

सोहम तिचा नातू. आत्याचं बोट फोनच्या अक्षरांवर बसत नाही, म्हणून ती बोलते आणि फोन ऐकून टाइप करतो. फोन जे चुकतो ते सोहम सुधारतो. नागपंचमीची ‘दिंडं’ फोनला कळली नव्हती, सोहमलाही कळली नव्हती, म्हणून दोघांनी मिळून ‘धिरडी’ केली होती. मेहुण्यांच्या फराळाच्या डब्याचा हा खरा मारेकरी दोन वर्षांनी सापडला.

आणि अनारशाचं असं झालं होतं. थापताना खसखस खालीच असते. केळीच्या पानावर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर ती पसरायची, त्यावर गोळी ठेवायची आणि बोटांनी थापायची, म्हणजे दाणे खालच्या अंगात रुततात. मग तो पानावरून अलगद तळहातावर उलटा घ्यायचा. खालची खसखस वर आली की तसाच तुपात सरकवायचा. आत्याने सोहमला बरोबर सांगितलं होतं, ‘खसखस खाली असते, तो उचलून उलटा करायचा, मग तुपात सोडायचा, मग उलटायचा नाही.’ ‘उलटा करायचा’ आणि ‘उलटायचा नाही’ ही सोहमला विसंगती वाटली. तो तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने त्यातलं एक काढून टाकलं.

म्हणजे आत्या चुकली नव्हतीच. पानावर खसखस खाली, कढईत खसखस वर, आणि मधली हाताची एक हालचाल गळालेली. ती हालचाल आत्या सत्तर वर्षं करत आलीय. करताना तिला ती दिसतही नसेल.

‘आता लिही तू ग्रुपवर,’ आत्या म्हणाली.

‘मी नाही, तूच लिही.’

‘बरं,’ ती म्हणाली. आवाजात पूर्णविराम नव्हता. मी निर्धास्त झोपलो.

सकाळी साडेपाचला संदेश आला. या खेपेला जास्वंदीऐवजी गुलाब. ‘चि. मिलिंदचे अनारसे दर वर्षी खालून करपतात. त्याला फोनवर सांगितलेच, पण आणखी कुणाची अशी चूक होत असल्यास सर्वांसाठी सांगते. पानावरून उचलल्यावर अनारसा उलटा करून खसखस वर ठेवून सोडावा. मिलिंदसारखे करू नये.’

त्याखाली एकतीस अंगठे पडले. नाशिकच्या चुलतभावाच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. वहिनींचा मला स्वतंत्र निरोप आला, ‘भावजी, आता कळलं तुमचं का जळायचं. बरं झालं आत्यांनी सांगितलं.’ आईने विचारलं, ‘तुझे कधी रे करपले?’ मी म्हटलं, ‘मागे एकदा.’ ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि हसली. आमच्या घरी फक्त अनारसेच हसतात असं नाही.

रविवारी ठाण्याहून फोटो आला. चांदीच्या ताटात तेहेतीस, सगळे बदामी, सगळ्यांना जाळी, खसखस वर. अर्ध्या किलो तांदळात तेहेतीस होऊन पाच उरले होते. जावयाने वाणातले तीन खाल्ले आणि उरलेल्या पिठाची चौकशी केली, हे ऐकून मला तो मुलगा आवडला.

एक अडचण मात्र राहिली आहे. आत्याचा पहिला संदेश आठ दिवस ग्रुपवर बिनविरोध होता आणि तेवढ्यात तो बाहेर पडला होता. त्या दिवाळीत तो मला आमच्या सोसायटीतल्या एका काकूंकडून आला, ‘आमच्या आजोळची शंभर वर्षांची पद्धत’ म्हणून. जास्वंदीची फुलं तशीच होती, नववं कलमही तसंच. काकूंना मी जिन्यातच गाठलं आणि म्हटलं, ‘काकू, माझी खसखस जळते हो.’

तुमच्याकडेही तो आला असेल. अकरा कलमं आणि दोन्ही बाजूंना जास्वंद, ही खूण. आला असेल तर पुढे पाठवण्याआधी नवव्या कलमात ‘उचलून, उलटा करून, खसखस वर ठेवून’ एवढं घाला. मिलिंदचं नाव घातलंत तरी हरकत नाही.